स्पीडटेस्ट ॲप: काही महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः सर्व्हर कोणता निवडावा याबद्दल

ऊक्ला कंपनीचं, इंटरनेटचा वेग मोजणारं स्पीडटेस्ट ॲप मी पावसाळ्याच्या आधीपासून नियमित वापरतोय. घर बोरिवलीत, फायबरचं कनेक्शन २०० एमबीपीएसचं. मोजणी लॅपटॉपवरून, राउटरला लॅन वायर जोडून. वायफायवरचे आकडे या लेखात मुद्दाम धरलेले नाहीत, कारण त्यात भिंती आणि शेजाऱ्यांचे राउटर मिसळतात आणि मग कशामुळे काय झालं ते कळत नाही.

ॲप चांगलं आहे, फुकट आहे. पण ‘गो’ दाबल्यावर येणारा आकडा तुमच्या इंटरनेटचा वेग असतो, असं म्हणणं अर्धवट आहे. तो तुमचं घर आणि एक विशिष्ट सर्व्हर यांच्यामधल्या रस्त्याचा वेग असतो. सर्व्हर बदलला की रस्ता बदलतो, आणि आकडाही.

माझ्याकडे दुपारच्या निवांत वेळी साधारण असं दिसतं. माझ्याच इंटरनेट कंपनीचा मुंबईतला सर्व्हर घेतला तर पिंग, म्हणजे सर्व्हरला निरोप जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, ३ मिलिसेकंद आणि डाउनलोड २०० च्या किंचित वर. दुसऱ्या कंपनीचा मुंबईतलाच सर्व्हर घेतला तर पिंग ४-५ आणि डाउनलोड १९५ च्या आसपास. दिल्लीचा घेतला की पिंग ३० च्या घरात जातो आणि वेग थोडा उतरतो. सिंगापूरला पिंग ६० च्या पुढे, वेग दीडशेच्या आसपास आणि दर वेळी वेगळा. न्यूयॉर्कला पिंग २२० च्या जवळपास आणि वेग कधी ८०, कधी ५०. वायर तीच, लॅपटॉप तोच, प्लॅन तोच.

पिंग का वाढतो हे सोपं आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर १०० किलोमीटरला जाऊन-येऊन एक मिलिसेकंद. दिल्ली सरळ रेषेत साडेअकराशे किलोमीटर, म्हणून साडेअकरा मिलिसेकंदांच्या खाली कुणीच येऊ शकत नाही. केबल सरळ रेषेत जात नाहीत आणि वाटेत राउटर लागतात, म्हणून प्रत्यक्षात ३०. न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटरवर, म्हणजे किमान सव्वाशे. समुद्राखालून वळसे घेत ते दोनशेच्या पुढे जातं.

लोकांना न पटणारी गोष्ट वेगळीच असते: पिंग वाढला ते समजलं, पण डाउनलोड का पडतो? पाइप तर तेवढाच जाड आहे ना? याचं उत्तर टीसीपीच्या, म्हणजे डेटा पाठवायच्या ठरलेल्या पद्धतीच्या, वागण्यात आहे. पाठवणारा सर्व्हर सगळा डेटा एकदम ओतत नाही. तो ठरावीक माल पाठवतो, तो पोचल्याची पावती येईपर्यंत थांबतो, मग पुढचा पाठवतो. वाण्याच्या उधारीसारखं आहे हे. उधारीची मर्यादा दोघांना सारखीच दिली, तरी रोज हिशेब चुकता करणारं गल्लीतलं गिऱ्हाईक महिन्याकाठी कितीतरी जास्त माल नेतं आणि महिन्यातून एकदा गावाहून येणारं कमी. पावती यायला लागणारा वेळ म्हणजेच पिंग.

आकडे घालून बघा. २०० एमबीपीएसचा पाइप ४ मिलिसेकंदांच्या रस्त्यावर भरलेला ठेवायला एका वेळी फक्त १०० केबी डेटा वाटेवर असावा लागतो. २२० मिलिसेकंदांच्या रस्त्यावर तोच पाइप भरायला साडेपाच एमबी वाटेवर हवा. कनेक्शन सुरू होतं तेव्हा सर्व्हर साधारण १० पॅकेट, म्हणजे डेटाची दहा छोटी पुडकी, एकूण १५ केबीपासून सुरुवात करतो आणि दर फेरीला दुप्पट करत जातो. मुंबईतल्या सर्व्हरला १०० केबीपर्यंत पोचायला तीन फेऱ्या, म्हणजे १२ मिलिसेकंद. न्यूयॉर्कच्या सर्व्हरला साडेपाच एमबीपर्यंत पोचायला नऊ फेऱ्या, म्हणजे दोन सेकंद नुसती चढण. आणि हे वाटेत एकही पॅकेट हरवलं नाही तर. एखादं हरवलं की सर्व्हर हात आखडता घेतो आणि पुन्हा फेरी-फेरीने वर चढतो. ४ मिलिसेकंदांच्या फेऱ्यांमध्ये ते जाणवतही नाही. २२० च्या फेऱ्यांमध्ये दहा-पंधरा सेकंदांच्या चाचणीचा मोठा भाग त्यातच जातो.

ॲपमध्ये Multi आणि Single असे दोन पर्याय आहेत. Multi म्हणजे एकाच वेळी अनेक कनेक्शन उघडून मोजणं, त्यामुळे लांबच्या सर्व्हरचा तोटा बराच झाकला जातो. Single वर न्यूयॉर्क माझ्याकडे २०-२५ वर येतो, मुंबई मात्र जवळजवळ हलत नाही. सर्व्हर लांबचा आहे का जवळचा, हे नावावर विश्वास न ठेवता तपासायची ही एक सोय आहे.

म्हणून घरचं कनेक्शन पैशांइतकं मिळतंय का हे बघायचं असेल तर सर्व्हर जवळचाच हवा. पण जवळचा म्हणजे कोणता, इथे ॲप थोडं गंडवतं. आपोआप निवडताना ते तुमच्या ठिकाणाजवळचे काही सर्व्हर घेऊन त्यांत सगळ्यात कमी पिंगचा उचलतं. हे सर्व्हर बऱ्याचदा इंटरनेट कंपन्यांनीच ठेवलेले असतात, त्यामुळे कमी पिंगचा सर्व्हर बहुतेक वेळा तुमच्याच कंपनीचा निघतो. मग चाचणीचा डेटा तुमच्या घरून कंपनीच्या मुंबईतल्या केंद्रापर्यंत जातो आणि परत येतो. बाहेरच्या इंटरनेटला त्याचा स्पर्शही होत नाही. फायबर, राउटर आणि प्लॅन ठीक आहे का एवढंच त्यातून कळतं.

माझा नियम असा झालाय: एक मोजणी स्वतःच्या कंपनीच्या मुंबई सर्व्हरवर, एक दुसऱ्या कंपनीच्या मुंबई सर्व्हरवर, आणि दोघांत फरक दिसला तर तिसऱ्या कंपनीच्या मुंबई सर्व्हरवर. तिसरी कशाला? कारण दुसरा सर्व्हरच त्या वेळी दमलेला असू शकतो. वेबसाइटवर सर्व्हरच्या नावाखाली Change Server असतं, तिथे ‘Mumbai’ टाइप केलं की यादी येते. नाव मुंबई असलं तरी पिंग बघा. मुंबईत बसून मुंबईच्या सर्व्हरला ३०-४० चा पिंग आला, तर दोन कंपन्या एकमेकींना मुंबईत भेटतच नाहीयेत आणि डेटा दिल्ली किंवा चेन्नईला जाऊन परत येतोय, अशी दाट शक्यता. असा सर्व्हर नकाशावर शेजारी, नेटवर्कमध्ये परगावचा. उलट पुण्याचा सर्व्हर ६-७ च्या पिंगवर असेल तर तो खुशाल चालतो.

कमांड लाइनची सवय असेल तर ऊक्लाचं छोटं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घ्या. पहिली ओळ जवळच्या सर्व्हरची यादी क्रमांकांसह दाखवते, दुसरीत त्यातला क्रमांक घालायचा. दर वेळी तोच सर्व्हर वापरला जातो, हा मोठा फायदा. नाहीतर सोमवारचा आकडा एका सर्व्हरचा आणि मंगळवारचा दुसऱ्याचा, मग तुलना कशाची करणार?

```
speedtest -L
speedtest -s 12345
```

याचा खरा उपयोग झाला तो रात्रीच्या मंदीत. रात्री नऊच्या पुढे व्हिडिओ अडकायचे, मोठ्या फाइल रांगायच्या. तक्रार केल्यावर कंपनीचा मुलगा आला, माझ्याच लॅपटॉपवर ॲप चालवून म्हणाला, “साहेब, फुल स्पीड येतोय.” येतच होता, कारण सर्व्हर त्यांचाच होता. मी म्हटलं, “दादा, सर्व्हर बदलून बघा.” दुसऱ्या मुंबई सर्व्हरवर ७० आला, तिसऱ्यावर ७५. पिंगही दोन्हीकडे ५ वरून २० च्या वर गेलेला. दुपारी हेच दोन्ही सर्व्हर १९० च्या पुढे देत होते.

यातून काय निघतं ते बघा. स्वतःच्या सर्व्हरवर पूर्ण वेग, म्हणजे फायबर, राउटर आणि लॅपटॉप निर्दोष. बाहेरचे दोन वेगवेगळे सर्व्हर एकाच वेळी सारखेच मंद, म्हणजे दोष त्या सर्व्हरांचाही नाही. राहिला तो सांधा, जिथे माझी कंपनी आपला डेटा इतरांकडे सोपवते. तिथली क्षमता रात्रीच्या गर्दीला पुरत नव्हती. ॲप प्रत्येक निकालाची लिंक देतं, तिच्यात सर्व्हरचं नाव आणि वेळ असते. त्या लिंका तक्रारीला जोडल्या तेव्हा ती घरी येणाऱ्या मुलाकडून नेटवर्कच्या माणसांकडे सरकली. काही आठवड्यांनी रात्रीचे आकडे दीडशेच्या वर आले.

समोरच्या काकूंच्या घरी चित्र वेगळं होतं. त्यांचा प्लॅनही २०० चा, पण मुंबईचा कुठलाही सर्व्हर घ्या, आकडा ९४. सर्व्हर बदलूनही आकडा जागचा हलत नाही, तेव्हा अडथळा बहुधा घरातच असतो. त्यांच्या जुन्या राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे होते, आणि अशा पोर्टमधून टीसीपीला ९४-९५ च्या वर मिळत नाही. राउटर बदलला, विषय संपला.

इतर साधनंही मधूनमधून वापरतो. fast.com नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजतं आणि सर्व्हर निवडू देत नाही. सिनेमा अडकतोय का एवढ्यापुरतं ते उत्तम. गुगलच्या शोधपानावरची चाचणी एम-लॅब या इंटरनेट मोजणाऱ्या संशोधन प्रकल्पाची, ती एकाच कनेक्शनवर मोजते, म्हणून तिचा आकडा स्पीडटेस्टपेक्षा कमी दिसला तर लगेच कंपनीला फोन लावू नका.

लांबचा सर्व्हर निरुपयोगी आहे असं मात्र नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ तांबड्या समुद्रातल्या केबल तुटल्या, त्यात मुंबईला येणाऱ्याही होत्या. असं काही झालं की मुंबईचे सर्व्हर नेहमीसारखेच धावतात आणि फक्त युरोपकडचे रांगतात. लंडनच्या ऑफिसशी काम करणाऱ्याने दोन्ही मोजले तर घरच्या वायरला दोष द्यायची वेळ येत नाही.

मोबाइलवर दोन गोष्टी सांभाळा. लोकेशनची परवानगी नाकारली की ॲप आयपीवरून, म्हणजे तुमच्या कनेक्शनच्या इंटरनेटवरच्या पत्त्यावरून, ठिकाण ओळखतं, आणि मोबाइल कंपनीचा आयपी कधीकधी भलत्याच शहराचा असतो. मग दादरमध्ये उभं राहून अहमदाबादचा सर्व्हर मिळतो. व्हीपीएन चालू असेल तरी हेच. दुसरं म्हणजे डेटा. २०० एमबीपीएसवर १५ सेकंदांचं नुसतं डाउनलोड ३७५ एमबी खातं. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर तीन सर्व्हरांची तुलना करायला बसलात, तर संध्याकाळपर्यंत पॅक उरणार नाही.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो निकालात वेगाचा आकडा भला मोठा आणि सर्व्हरचं नाव बारीक दाखवतात म्हणून. सोसायटीच्या ग्रुपवर येणाऱ्या स्क्रीनशॉटमध्ये नेमकं तेच कापलेलं असतं.