परीक्षेआधी अभ्यासिकेची सीट सोडायची: मेसेज आत्ता की परीक्षेनंतर?

समजा, पुण्यातल्या पेठेतल्या एका अभ्यासिकेत तुमचा महिना १० तारखेला सुरू होऊन पुढच्या ९ तारखेला संपतो. फी १५०० रुपये, डिपॉझिट ५००, लॉकर वेगळा. पूर्व परीक्षा २८ तारखेच्या रविवारी. सीट ९ लाच सोडायची, की अजून एक महिना भरायचा?

महिना भरलात तर १० ते २७ असे १८ दिवस वापराल आणि पुढचे १२ दिवस वाया जातील. दिवसाचा हिशोब ५० ऐवजी सुमारे ८३ रुपयांवर जातो. बसायची ठरलेली जागा शेवटच्या आठवड्यात मोडत नाही, हा त्यातला खरा फायदा. गावी जाऊन उजळणी करणार असाल किंवा केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर तो फायदा उरत नाही. मग ९ लाच सोडलेली बरी.

मधला मार्ग १५ दिवसांच्या फीचा. तो सगळीकडे मिळत नाही, आणि ९ ला संध्याकाळी विचारलात तर सीट आधीच दुसऱ्याला कबूल झालेली असू शकते. म्हणून सोडायची असो वा वाढवायची, मेसेज २ तारखेच्या आसपास जायला हवा.

बहुतेक जण असा पाठवतात:

«सर, पुढच्या महिन्यापासून येणार नाही. डिपॉझिट परत द्या.»

इथेच घोळ होतो. तुमच्या मनात १० तारीख असते, चालक १ तारीख धरतो. सीट नंबर नसल्याने रजिस्टरमध्ये नोंद राहून जाते आणि १० नंतर फीची आठवण येते. त्याऐवजी असा पाठवा:

«नमस्कार सर. सीट ४२, सकाळची बॅच. माझी फी ९ तारखेपर्यंत भरलेली आहे, ९ हा माझा शेवटचा दिवस. १० पासून सीट दुसऱ्याला देऊ शकता. लॉकर १७ ची किल्ली आणि ओळखपत्र ९ ला संध्याकाळी ६ वाजता काउंटरवर देईन. ५०० रुपये डिपॉझिट त्याच वेळी मिळेल का, कृपया कळवा.»

अर्धा महिना हवा असेल, तर «९ हा माझा शेवटचा दिवस» पासून पुढचं सगळं काढून «१० ते २४ अशी १५ दिवसांची फी घेता येईल का?» एवढंच विचारा. दोन्ही एकत्र लिहू नका, नाहीतर सीट जायची.

मेसेज ग्रुपवर नको, चालकाच्या नंबरवर पाठवा. काउंटरवरच्या मुलाला तोंडी सांगितलेलं शिफ्ट बदलली की विरतं. डिपॉझिट शेवटच्या फीत वळतं करायचं असल्यास आधी पावतीची मागची बाजू वाचा. किल्ली परत येईपर्यंत ते न देण्याची अट तिथे असू शकते, आणि मग वळतं करून मिळणं अवघड. लॉकर रिकामा केल्याचा फोटो काढा आणि किल्ली देतानाच त्याच चॅटमध्ये «किल्ली दिली» असं लिहून ठेवा.