16 टक्क्यांचं कर्ज की 22 टक्क्यांचं? केएफएस उघडून केलेली तुलना

भांडुप-मुलुंडकडे भाड्याच्या खोलीच्या डिपॉझिटला पन्नास हजार कमी पडतात, आणि फोनवर दोन अ‍ॅप दोन प्रस्ताव दाखवतात. दोन्ही 12 महिन्यांचे. पहिला 16 टक्क्यांचा, हप्ता 4,537 रुपये. दुसरा 22 टक्क्यांचा, हप्ता 4,680. वरवर पाहता दुसऱ्याकडे कुणी वळणारच नाही. माझा कौल मात्र दुसऱ्याला गेला.

व्याजदराशी थांबू नका, मुख्य तथ्य विवरण म्हणजे केएफएस उघडा. 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ मुदत कर्जांना ते सक्तीचं आहे, आणि कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचं आहे. म्हणजे मराठीत मागायला हरकत नाही. त्यातला शुल्कांचा रकाना असं सांगतो: पहिल्या कर्जात प्रोसेसिंग फी 1,500, त्यावर जीएसटी 270 आणि विमा 1,200. खात्यात येणार 47,030. दुसऱ्यात जीएसटीसह फी 590, खात्यात 49,410.

आता वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे एपीआर. तो तपासायला कुठलीही स्प्रेडशीट पुरते. हप्त्यांची संख्या, हप्ता आणि प्रत्यक्ष हातात पडलेली रक्कम घाला:

```
=RATE(12,-4537,47030)*12
=RATE(12,-4680,49410)*12
```

पहिल्याचं उत्तर सुमारे 27.9 टक्के येतं, दुसऱ्याचं 24.3. खरी मेख विम्यात आहे. 1,200 रुपये वगळून, म्हणजे 48,230 धरून हिशेब केला, तर पहिल्या कर्जाचा एपीआर 23 दिसतो आणि तेच स्वस्त ठरतं. कर्ज देणारी संस्था विमा कंपनीच्या वतीने जे वसूल करते तेही एपीआरमध्ये धरलं पाहिजे, असा नियम आहे. तेव्हा केएफएसवर 23 छापलेलं असेल आणि खात्यात मात्र 47,030 येणार असतील, तर काहीतरी गाळलंय एवढं नक्की. विलंबाचा दंड एपीआरमध्ये नसतो. तो वेगळ्या रकान्यात असतो, तिकडेही नजर टाका.

बारा हप्त्यांच्या बेरजेतून हातात आलेली रक्कम वजा केली, तर दोन कर्जांच्या खर्चातला फरक एकूण 664 रुपयांचा. एवढ्यावरून कुणी निर्णय बदलणार नाही, हे मान्य. माझा निर्णय फिरला तो कूलिंग-ऑफच्या रकान्यावर.

खोलीचा व्यवहार फिसकटला आणि कर्ज नको झालं, तर कूलिंग-ऑफच्या मुदतीत, म्हणजे कर्ज घेतल्यावर माघारीसाठी दिलेल्या दिवसांत, मुद्दल आणि तेवढ्या दिवसांपुरता एपीआर भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. मुदत किती, हे कर्ज देणारी संस्था ठरवते, पण एका दिवसापेक्षा कमी नाही. (रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या सूचनांत सात दिवस वा जास्त मुदतीच्या कर्जाला किमान तीन दिवस होते. जुने लेख वाचून त्यावर विसंबू नका.) पण परत करायचं मुद्दल 50,000 असतं, हातात आलेले 47,030 नव्हे. शिवाय केएफएसमध्ये आधी लिहिलं असेल, तर प्रोसेसिंग फी संस्थेला ठेवून घेता येते. मुदत तेवढी असेल आणि तिसऱ्या दिवशी रद्द केलं तर पहिल्यासाठी अंदाजे 50,115 भरावे लागतील, म्हणजे खिशातून 3,085. यातले विम्याचे 1,200 परत मिळतील का, हे आधीच लेखी विचारा. दुसऱ्यासाठी असेच 690 जातात. आधीच पैशांची ओढाताण असलेल्या माणसाने हे वरचे तीन हजार आणायचे कुठून?

रद्द करताना फोरक्लोजरचं, म्हणजे मुदतीआधी कर्ज फेडण्याचं बटण दाबू नका, त्याला वेगळं शुल्क लागू शकतं. कूलिंग-ऑफमध्ये कर्ज रद्द करत असल्याचं ईमेलवर कळवा, भरायचा नेमका आकडा लेखी घ्या आणि पैसे थेट कर्ज देणाऱ्या बँकेच्या किंवा एनबीएफसीच्या, म्हणजे बिगर-बँक वित्तसंस्थेच्या खात्यात भरा. अ‍ॅपवाल्याच्या किंवा एजंटच्या यूपीआयवर मुळीच नको. मग बाकी नसल्याचं पत्र घ्या आणि ई-मँडेट बंद झालाय का ते पाहा. तो चालू राहिला तर पुढच्या महिन्यात हप्ता कापला जाण्याची भीती असते. 30 दिवसांत तक्रारीची दाद लागली नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

‘ऑफर दहा मिनिटांत संपेल’ या घड्याळाला भुलू नका. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जाचा केएफएस किमान तीन कामकाजाचे दिवस ग्राह्य असतो आणि तोवर त्यातल्या अटी संस्थेवर बंधनकारक असतात.

पहिल्या प्रस्तावातला विमा खरंच ऐच्छिक असेल आणि तो काढून नवा केएफएस मिळत असेल, तर 23 टक्क्यांवर तो घ्यायला हरकत नाही, अर्थात खोलीचा करार पक्का असेल तरच. करार अजून बोलण्यातच असेल, तर मी 22 टक्केवालंच घेईन.