आठ महिन्यांनंतर को-वर्किंगचं डेस्क सोडताना

बाणेरच्या एका को-वर्किंग जागेत मी आठ महिने ठरलेलं डेस्क घेतलं होतं. महिना ७,७५० रुपये, वर १८ टक्के जीएसटी आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट. जागा मला मनापासून आवडली होती. खुर्ची चांगली, नेट एकदाही दगा न देणारं. पण चाळीस डेस्कांना फोनसाठी बंद खोल्या दोनच. माझं काम दिवसाला चार-पाच कॉलचं, त्यामुळे मी जिन्यात उभी राहून बोलायचे. शेवटी सोडायचं ठरवलं.

३ जूनला कॉफी घेता घेता मॅनेजरांना सांगितलं. "हो मॅडम, चालेल," म्हणाले. मी निर्धास्त झाले आणि तिथेच चुकले. करारात स्पष्ट होतं: नोटीस ३० दिवसांची, करारातल्या ईमेलवर लेखी, आणि मोजणी मेल पोचल्यापासून. करार पुन्हा उघडून वाचला तो १२ जूनला. लगेच हा मेल पाठवला:

"नमस्कार सर, करारातल्या ३० दिवसांच्या नोटिशीनुसार माझा मासिक डेस्क प्लॅन मी बंद करत आहे. नोटीस आज, १२ जूनपासून धरावी. माझा शेवटचा दिवस १२ जुलै असेल. जुलैचं बिल १२ दिवसांचंच काढावं. त्या दिवशी संध्याकाळी ॲक्सेस कार्ड आणि लॉकरची किल्ली परत करीन. डिपॉझिट १५,५०० रुपये कोणत्या तारखेपर्यंत खात्यात जमा होईल, ते कळवावं. मेल मिळाल्याची पोच द्यावी."

सोडण्याचं कारण मुद्दाम लिहिलं नाही. कारण लिहिलं की त्यावर चर्चा सुरू होते, "दुसरं डेस्क देतो" असं येतं, आणि नोटिशीची तारीख त्यात लोंबकळत राहते. फोनच्या खोल्यांचं मी नंतर समोर बसून बोलले.

दोन दिवस पोच आली नाही. तिसऱ्या दिवशी त्याच मेलवर आठवण केली, तेव्हा "नोंद घेतली" एवढं उत्तर आलं. ते पुढे फार उपयोगी पडलं, कारण १ जुलैला सिस्टिममधून अख्ख्या महिन्याचं बिल आपोआप आलं: ९,१४५ रुपये. मी पैसे भरले नाहीत. त्यांचंच उत्तर जोडून हिशेब पाठवला: दिवसाला २५० प्रमाणे १२ दिवसांचे ३,०००, जीएसटी ५४०, एकूण ३,५४०. उरलेल्या रकमेची क्रेडिट नोट त्यांनी दुसऱ्या दिवशी काढली. बिल चुकीचं असलं तरी आधी भरून टाकलं असतं, तर परताव्यासाठी मागे लागावं लागलं असतं.

३ जूनलाच मेल केला असता तर नऊ दिवसांचे, जीएसटी धरून २,६५५ रुपये वाचले असते. ती चूक माझी.

१२ जुलैला कार्ड आणि किल्ली दिली, रिसेप्शनवर तशी लेखी पोच घेतली. डिपॉझिट कापाकापी न होता पुढच्या आठवड्यात जमा झालं.