ग्रुपवर टाकू की थेट सरांना विचारू?

कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर नोकरीसाठी रेफरल, म्हणजे कंपनीतल्या माणसाची शिफारस, मागायचं तर दोन वाटा आहेत. सगळ्यांसमोर मेसेज टाकायचा किंवा त्या कंपनीतला एखादा सीनियर हेरून त्यालाच विचारायचं.

माझ्या भाच्याचं उदाहरण घ्या. बीएस्सी केमिस्ट्री, लोट्याच्या एमआयडीसीत क्यूसीला, म्हणजे मालाच्या तपासणीला, 2 वर्षं. त्याने आधी ग्रुपवर लिहिलं, ‘कुठे जॉब असेल तर सांगा.’ खाली 3 अंगठे आले आणि मग गणपतीच्या गाड्यांच्या वेटिंगची चर्चा सुरू झाली. त्याच्यासाठी नेमकं काय शोधायचं, तेच कोणाला कळलं नव्हतं.

मग हा मेसेज गेला: ‘क्यूसी केमिस्टची जागा शोधतोय. महाड, रोहा किंवा तळोजा. एचपीएलसी आणि जीसी स्वतः चालवतो, कच्च्या मालाची तपासणी रोजची. शिफ्ट चालेल. नोटीस 30 दिवस. कोणाच्या कंपनीत जागा असेल तर कळवा, रेझ्युमे वैयक्तिक पाठवतो.’

रेझ्युमे ग्रुपवर टाकला नाही, कारण ती फाइल कुठवर फिरेल याचा नेम नाही आणि तिच्यात फोन, पत्ता, जन्मतारीख सगळंच असतं. त्याहून मोठी अडचण म्हणजे त्याचेच साहेब त्याच कॉलेजचे. ते ग्रुपवर असतील तर हा मेसेजसुद्धा टाकू नये, सरळ दुसरी वाट धरावी.

थेट विचारणं कामाला येतं ते जागा जाहीर झालेली असते तेव्हा. मेसेजमध्ये जागेचं नाव, जाहिरातीतला जॉब आयडी आणि एका पानाची पीडीएफ द्यावी. मोठ्या कंपन्यांत रेफर करणाऱ्याला बहुधा आतल्या पोर्टलवर तो आयडी निवडून फाइल चढवावी लागते. आयडी नसेल तर शोधाशोध त्याच्या गळ्यात पडते आणि काम राहून जातं. फाइलला स्वतःचं नाव आणि पद द्या. ‘रेझ्युमे फायनल 2’ नावाची फाइल त्याच्या फोनमध्ये पुन्हा सापडणार नाही.

इथे एक खोच आहे. आधी स्वतः वेबसाइटवर अर्ज भरला, तर बऱ्याच कंपन्यांत पुढचं रेफरल धरलं जात नाही. म्हणून आधी विचारा आणि शेवटची तारीख जवळ असेल तर तेही सांगा. उत्तराची वाट बघत तारीख मात्र हुकवू नका.

ओळख नसलेल्या सीनियरला हे पाठवायला संकोच वाटतो, मान्य. ‘सर, मी 2021च्या बॅचचा, अमुक सरांचा विद्यार्थी’ एवढी एक ओळ वर असली की पुरते. शेवटी ‘जमत नसेल तर तसं सांगा, हरकत नाही’ असंही लिहावं. आपलं काम न पाहिलेल्या माणसाकडे आपण त्याच्या नावाने शिफारस मागतोय. तो नाही म्हणाला तर निदान एचआरचा ईमेल विचारता येतो.

जाहिरात हातात असेल तर मी थेट विचारीन. नुसता अंदाज घ्यायचा असेल आणि साहेब ग्रुपवर नसतील, तर ग्रुपवर. भाच्याला महाडची जागा ग्रुपवरूनच कळली, पण जॉब आयडी पाठवल्यावरच रेफरल झालं.