एकच बंध, दोन दावेदार: m/z 30 की 91?

कलिन्याला एमएस्सी करणाऱ्या मुलांना मी मास स्पेक्ट्रम वाचायला देतो तो 2-फिनाइलएथिलअमाईनचा, कारण यात रेणू तुटण्याच्या दोन वाटा एकाच रेणूत भेटतात. रेणूभार 121, म्हणजे विषम. एक नायट्रोजन असल्याची खूण. मधला कार्बन-कार्बन बंध तुटला की एका बाजूला CH₂NH₂ आणि दुसऱ्या बाजूला बेंझाइल उरतो. धनभार कुणाकडे जाणार, एवढाच प्रश्न.

अल्फा क्लीव्हेजमध्ये नायट्रोजन आपली इलेक्ट्रॉनजोडी देऊन CH₂=NH₂⁺ सावरतो आणि 30 ला पीक येतो. दुसऱ्या वाटेने 91 मिळतो, सात कार्बनांचं ट्रोपिलियमचं कडं. ब्युटिलबेंझीनमध्ये हाच 91 निर्विवाद बेस पीक, म्हणजे सर्वांत उंच पीक असतो, त्यामुळे मुलं इथेही त्यालाच कौल देतात. पण ज्या रॅडिकलची आयनीकरण ऊर्जा कमी, धनभार बहुधा त्याच्याकडे जातो. CH₂NH₂ ची सुमारे 6.3 eV, बेंझाइलची 7.2. म्हणून इथे बेस पीक 30 आणि 91 बराच बुटका.

खरी फसगत पुढे होते. हवेचे 28 आणि 32 टाळायला जीसी-एमएसचं स्कॅन अनेकदा 35 किंवा 40 पासून लावतात. मग 30 दिसतच नाही, 91 मोठा भासतो आणि अमाईन साधं अल्किलबेंझीन समजलं जातं. अशा वेळी आधी स्कॅनची खालची मर्यादा बघा, मग विषम रेणूभार शोधा. 65 वर विसंबू नका. तो 91 मधून अ‍ॅसिटिलीन गेल्यावर दोन्हीकडे येतो.