टीडीएसचे ३६,००० रुपये मी दोनदा भरले

पुण्याच्या पश्चिम भागातल्या एका बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पात मी ऑक्टोबर २०२२ मध्ये ८० लाख रुपये करारमूल्याचा फ्लॅट नोंदवला. पुढच्या दीड-दोन वर्षांत माझी फसवणूक झाली ती फ्लॅटच्या किमतीत नव्हे, तर किमतीच्या एक टक्का एवढ्या लहानशा रकमेत. रक्कम लहान होती म्हणूनच माझे तिकडे दुर्लक्ष झाले, आणि असे दुर्लक्ष इतरांकडूनही होत असणार असे वाटल्याने हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीची मालमत्ता घेताना खरेदीदाराने विक्रेत्याला द्यायच्या प्रत्येक हप्त्यातून एक टक्का कर, म्हणजेच टीडीएस, कापून तो सरकारकडे भरायचा असतो. माझ्या व्यवहाराच्या काळात हे आयकर कायद्याच्या कलम १९४-आयएखाली येत असे. हप्ता ज्या महिन्यात दिला तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत आयकराच्या पोर्टलवर Form 26QB भरून ही रक्कम जमा करावी लागे. कर बिल्डरच्या नावावर जमा होत असला तरी तो कापण्याची आणि भरण्याची जबाबदारी पूर्णपणे खरेदीदाराची असते. हे वाक्य मी तेव्हा वाचले होते, समजले मात्र फार उशिरा.

नोंदणीच्या वेळी दहा टक्के, म्हणजे ८ लाख रुपये दिले. त्यावरचे ८,००० रुपये माझ्या मावसभावाने शेजारी बसून माझ्याच लॉगिनमधून भरून घेतले. नोव्हेंबरमध्ये करारनामा नोंदवल्यावर १६ लाखांचे मागणीपत्र आले. ते घेऊन मी बिल्डरच्या सेल्स ऑफिसात गेलो, तेव्हा ग्राहकांची कागदपत्रे सांभाळणारा तरुण कर्मचारी म्हणाला, "सर, तुम्ही कशाला त्या पोर्टलच्या भानगडीत पडता? टीडीएसची रक्कम माझ्याकडे द्या, आमचे सीए सगळ्यांचे एकदम भरतात." मी १६,००० रुपये रोख दिले. त्याने कंपनीच्या लेटरहेडवर शिक्का मारून पावती दिली आणि आठवड्याने व्हॉट्सअ‍ॅपवर चलनाची पीडीएफ पाठवली.

पुढे मार्च २०२३ मध्ये जोत्याचे मागणीपत्र आले. त्याचा हिशेब येथे देतो, कारण प्रत्येक हप्त्याची मांडणी अशीच असते. करारमूल्याच्या १५ टक्के म्हणजे १२ लाख, त्यावर पाच टक्के जीएसटी ६०,०००, एकूण १२,६०,०००. जीएसटी वेगळा दाखवलेला असल्याने कर फक्त १२ लाखांवर कापायचा, म्हणजे १२,०००. त्यामुळे बिल्डरच्या खात्यात १२,४८,००० रुपये गेले, आणि उरलेले १२,००० सरकारकडे जाण्याऐवजी मी त्या कर्मचाऱ्याने दिलेल्या यूपीआय क्रमांकावर पाठवले. पडद्यावर कंपनीचे नाव न येता व्यक्तीचे नाव आले, तेव्हा मी विचारले. "सीएंच्या ऑफिसातल्या माणसाचे खाते आहे," असे उत्तर मिळाले आणि ते मी मान्य केले. ऑगस्ट आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिल्या दोन स्लॅबचे प्रत्येकी ४ लाखांचे हप्ते झाले, त्यांचे चार-चार हजारही त्याच खात्यावर गेले. एकूण ३६,००० रुपये.

मधल्या काळात मी Form 16B, म्हणजे कापलेला कर भरल्याचे प्रमाणपत्र, मागत होतो. दर वेळी "ते वर्षाच्या शेवटी मिळते" असे सांगितले जाई. मी नोकरदार माणूस. पगाराचा फॉर्म १६ वर्ष संपल्यावर मिळतो, म्हणून मला त्यात काही वावगे वाटले नाही. वस्तुस्थिती अशी की 26QB भरल्यानंतर काही दिवसांतच 16B तयार होत असे आणि तो आयकर विभागाच्या TRACES या संकेतस्थळावरून खरेदीदारानेच उतरवून बिल्डरला द्यायचा असे.

प्रकरण उघड झाले ते जुलै २०२४ मध्ये. तिसऱ्या स्लॅबच्या मागणीपत्राच्या तळाशी "मागील थकबाकी ३६,०००" अशी ओळ होती आणि त्यावर व्याजही लावलेले होते. मी बिल्डरच्या लेखा विभागाला फोन केला, तेव्हा तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितले की आमच्या 26AS मध्ये, म्हणजे जमा झालेल्या कराच्या सरकारी उताऱ्यात, तुमच्या नावाने फक्त ८,००० दिसतात. त्या रात्री मी माझा 26AS उघडला. त्यात मालमत्ता खरेदीदाराने कापलेल्या कराचा स्वतंत्र भाग असे आणि तिथेही एकच नोंद होती, मावसभावाने भरून घेतलेली. मग चारही चलने शेजारी ठेवून पाहिली. खऱ्या चलनावर बँकेचा सात अंकी बीएसआर कोड, भरण्याची तारीख आणि पाच अंकी चलन क्रमांक असतो. माझ्याकडच्या १६,००० आणि १२,००० च्या चलनांवर, चार महिन्यांचे अंतर असूनही, चलन क्रमांक एकच होता. फक्त तारीख आणि रक्कम बदललेली होती. ही दोन्ही चलने दीड वर्ष माझ्याच फोनमध्ये होती.

माझ्या या चुकीची किंमतही मोजली. कर पुन्हा ३६,०००. उशिराचे विलंबशुल्क दिवसाला २०० रुपये, पण त्याची कमाल मर्यादा कराच्या रकमेएवढी. ४,००० रुपये कर असलेल्या हप्त्याला ही मर्यादा वीस दिवसांतच गाठली जाते. त्यामुळे चारही हप्त्यांचे शुल्क मिळून आणखी ३६,००० झाले. शिवाय कापलेला कर न भरल्याबद्दल महिन्याला दीड टक्का व्याज, महिन्याचा काही भागही पूर्ण महिना धरून. नोव्हेंबर २०२२ च्या १६,००० वर २१ महिन्यांचे ५,०४० आणि इतर तिन्हींचे मिळून ४,३२० रुपये. म्हणजे मी नव्याने ८१,३६० रुपये भरले, आणि त्या कर्मचाऱ्याला दिलेले ३६,००० वेगळेच. हे सगळे मी पोर्टलच्या e-Pay Tax मधून स्वतः भरले. प्रत्येक हप्त्यासाठी वेगळा 26QB, हप्ता दिल्याची खरी तारीख टाकून. एका फॉर्मला वीस मिनिटेही लागली नाहीत, ही गोष्ट मला अजून बोचते. (करारात पती-पत्नी दोघांची नावे असतील, तर प्रत्येकाचा 26QB स्वतंत्र भरावा लागे.)

बिल्डरने हात वर केले. तो कर्मचारी जानेवारीतच नोकरी सोडून गेला होता. करारनाम्यात ठरलेल्या खात्याखेरीज अन्यत्र दिलेल्या पैशांची जबाबदारी आमची नाही, असे लेखी उत्तर आले. लेटरहेडवरच्या पावतीबद्दल त्यांचे म्हणणे असे की तीवर पावती क्रमांकच नाही. ते खरे होते. ८ लाखांची त्यांची खरी पावती काढून पाहिली, तर तिच्यावर क्रमांक, जीएसटीची विभागणी आणि बँक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक छापलेला होता. तरीही त्यांच्याच कार्यालयात, त्यांच्याच शिक्क्याने हे घडले, हे मी विसरू शकत नाही. सरकारकडे कर जमा झाल्याचे दिसल्यावर त्यांनी थकबाकीवरचे व्याज मात्र रद्द केले.

त्यानंतर मी प्रत्येक हप्त्याची एक पिशवी करू लागलो: मागणीपत्र, त्या टप्प्याचे वास्तुविशारदाचे प्रमाणपत्र, बँकेचा यूटीआर, बिल्डरची क्रमांकित पावती, 26QB ची पोचपावती आणि मी स्वतः उतरवलेला 16B. 16B ईमेलने पाठवून त्याच आठवड्यात बिल्डरकडून खातेउतारा मागवू लागलो आणि टीडीएसच्या रकान्यात माझी रक्कम जमा झाली आहे ना, हे पाहून मगच पिशवी बंद करू लागलो. पोलिसांकडे दिलेल्या तक्रारीत यूपीआयचे २०,००० सिद्ध करायला नोंदी आहेत. रोख दिलेल्या १६,००० साठी तो क्रमांक नसलेला कागद एवढाच पुरावा आहे.