नेट बंद पडल्यावर बघायचा एक पानी कागद: इंदूरला आई-बाबांकडे काही महिने वापरल्यानंतर

काल कस्टमर केअरशी पुन्हा वाद झाला, म्हणून हे सविस्तर लिहितेय. कंपनीचं नाव घेत नाही, कारण लिहायचंय ते कागदाबद्दल.

‘नेट बंद पडलं तर आधी हे बघा’ छापाचा एक पानी कागद तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी आई-वडिलांच्या घरी लावला असेल. आमच्याकडे तो नवऱ्याच्या मित्राकडून आला. तो फायबरच्या लाइनी टाकायचं काम करतो आणि त्याने हा कागद स्वतःच्या आईसाठी केला होता. मी पुण्यात, आई-बाबा इंदूरला लोकमान्य नगरात दोघंच. उन्हाळ्यात माहेरी गेले तेव्हा रंगीत प्रिंट काढली, लॅमिनेट केली आणि टीव्हीशेजारी राउटरच्या बरोबर वर चिकटवली. सगळं मिळून पन्नास रुपयांच्या आत.

कागदावर वर राउटरच्या दिव्यांचं चित्र, खाली चार प्रश्न, तळाशी फोन नंबर. पहिला प्रश्न विजेचा: घरात लाइट आहे का, आणि राउटरवर एक तरी दिवा लागलाय का. वाचताना हा प्रश्न फारच बाळबोध वाटतो. पण आमच्या घरी इन्व्हर्टर आहे, त्यामुळे लाइट गेली तरी पंखे आणि ट्यूबलाइट चालूच असतात. राउटरचा प्लग मात्र ज्या पॉइंटवर होता तो इन्व्हर्टरच्या लाइनवर नव्हता. पावसाळ्यात आई म्हणायची, “लाइट तर आहे, नेटच नाही.” कागदामुळे राउटरकडे बघितलं तेव्हा कळलं की डबा पूर्ण काळोखात आहे. इलेक्ट्रिशियनने तो पॉइंट इन्व्हर्टरवर घेतला आणि निम्म्या तक्रारी तिथेच संपल्या.

पण या कागदाचं खरं मोल दुसऱ्या प्रश्नात आहे: लाल दिवा लुकलुकतोय का?

डब्यावर त्या दिव्याखाली LOS अशी बारीक अक्षरं असतात. फायबरमधून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोचत नसला, किंवा फारच मंद पोचत असला, की हा दिवा लाल होतो. सगळं ठीक असताना तो विझलेला असतो. आई-बाबांना हेच उलटं वाटायचं. दिवा विझलेला दिसला की काहीतरी बंद पडलंय असं त्यांना वाटे. शेजारचा पॉनचा दिवा, म्हणजे PON, हिरवा आणि स्थिर असायला हवा. लाल लुकलुकत असेल तर भानगड वायरीची, घरातली किंवा रस्त्यावरची. लाल विझलेला आणि पॉन स्थिर हिरवा असेल तर वायर ठणठणीत आहे. मग इंटरनेटचा दिवा बघायचा. तो लागलेला नसेल तर प्लॅन संपलेला असतो, लॉगिन अडकलेलं असतं किंवा बिघाड कंपनीकडे असतो. एवढं कळलं की वायरी हलवत बसायचं की रिचार्जची तारीख बघायची, हे लगेच ठरतं.

गणपतीच्या आदल्या संध्याकाळी बाबांचा फोन आला, मोबाइल डेटावरून. “लाल दिवा मारतोय. कागदात लिहिलंय की पिवळी वायर बघा.” मी विचारलं, “बाबा, सजावटीसाठी काही सरकवलंत का?” मखरासाठी जागा करायला टीव्हीचं टेबल भिंतीला भिडवलं होतं. भिंतीवरच्या छोट्या डबीतून राउटरकडे येणारी पिवळी वायर टेबलाच्या पाठीमागे दुमडून दबली होती. तांब्याच्या तारेला वळण सोसतं, काचेच्या तंतूला नाही. वळण फार तीव्र झालं की प्रकाश त्या वळणातून बाहेर निसटतो आणि पुढे पोचत नाही. तंतू तुटलेला नसतो, नुसता दबलेला असतो. कागदावर लिहिलंय की वायरीचं वळण चहाच्या बशीपेक्षा लहान नको. तंतू त्याहून लहान वळणही सोसतो, पण घरच्या माणसाला मोजायला बशी बरी.

बाबांनी टेबल चार बोटं पुढे ओढलं आणि वायर मोकळी केली. लाल दिवा लगेच विझला. पॉनचा दिवा थोडा वेळ लुकलुकला आणि मग स्थिर झाला. नेट आलं. टेक्निशियन नाही, व्हिजिटचे पैसे नाहीत, सणाच्या दिवशी कोणाची वाट बघणं नाही. बाबांच्या आवाजातला तो आनंद ऐकून त्या कागदाला मी मनातल्या मनात पूर्ण मार्क दिले.

याच ओळीत एक सूचना आहे, ती कोणी गाळू नये: वायरीचं हिरवं टोक उपसू नका, पुसू नका, त्यात डोकावू नका. त्या टोकातल्या काचेचं तोंड मुद्दाम तिरकं घासलेलं असतं. बोटाचा डाग किंवा धूळ लागली तरी सिग्नल खालावतो. आतला प्रकाश अवरक्त असतो, डोळ्यांना दिसतच नाही, त्यामुळे डोकावून काही कळत नाही आणि डोळ्यालाही ते बरं नाही. वायर मोकळी करूनही लाल दिवा तसाच राहिला तर बिघाड बहुतेक घराबाहेर आहे. रस्ता खणताना तुटली असेल, खांबावरून निसटली असेल, खारीने कुरतडली असेल. तिथे घरच्या माणसाचं काम संपलं, फोन करून तक्रार नोंदवायची.

इथपर्यंत मी या कागदाची मोठी पुरस्कर्ती होते. दिवाळीनंतर मत थोडं बदललं.

राउटर जुना झाला म्हणून कंपनीच्या माणसाने नवा डबा बसवला. कागदावरच्या चित्रात लाल दिवा डावीकडून तिसरा, आणि प्रश्नातही तो “तिसरा दिवा” असाच लिहिलेला. नव्या डब्यात दिव्यांची रांग वेगळी निघाली. तिसऱ्या जागी इंटरनेटचा दिवा होता, आणि या डब्यात लॉगिन झालं नाही की तोच लाल होतो. बाबांनी प्रामाणिकपणे मोजून तिसरा दिवा लाल असल्याचं सांगितलं आणि आम्ही सगळे वायर शोधत बसलो. प्रत्यक्षात प्लॅनची मुदत संपली होती. म्हणजे ज्या ओळीवर कागदाची सगळी भिस्त, तीच ओळ डबा बदलताच चुकीची ठरली. दिवा जागेवरून ओळखायला सांगू नये, अक्षरांवरून सांगावं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाला ती अक्षरं दिसत नाहीत हेही खरं, म्हणून आता आम्ही एलओएसच्या दिव्याशेजारी डब्यावरच लाल टिकली चिकटवली आहे. आईच्या टिकल्यांच्या पाकिटातली. कागदावर लिहिलंय, “टिकलीजवळचा दिवा.” डबा बदलला तर टिकली नव्या डब्यावर लावायची, कागद तसाच राहतो.

आता ज्यावरून माझं डोकं तापलंय ते सांगते. कागदाच्या अगदी तळाशी, सगळ्यात बारीक अक्षरात एक ओळ आहे: “मागच्या छोट्या भोकात पिन घालू नका.” ही ओळ सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरात हवी होती.

परवा नेट गेलं. बाबा बाहेर गेले होते, आईने फोन लावला. पलीकडचा मुलगा म्हणाला, “आंटी, राउटर के पीछे छोटा सा छेद है, उसमें पिन डालकर दस सेकंड दबाइए, रीसेट हो जाएगा.” आईने सेफ्टी पिन घेतली आणि सांगितलं तसं केलं. त्यात तिचा काय दोष? कंपनीचा माणूस सांगतोय म्हटल्यावर कोणीही ऐकेल. पण ते बटण डबा बंद-चालू करायचं नाही. त्याने डब्यातली सगळी सेटिंग पुसली जातात: वायफायचं नाव, पासवर्ड आणि कंपनीने भरलेलं लॉगिनही. काही कंपन्यांच्या डब्यात ती सेटिंग लाइनवरून आपोआप परत येतात. आमच्या कंपनीच्या येत नाहीत, टेक्निशियनला येऊन भरावी लागतात. तोवर बिघाड दुरुस्त झालाही असेल, पण आमच्या घरी नेट येणार कुठून? टेक्निशियन येईपर्यंत आई-बाबा फोनच्या डेटावर, टीव्ही बंद. नंतर टीव्ही आणि दोघांचे फोन नव्याने जोडायचे. काल मी कंपनीला विचारलं की तुमचा माणूस सत्तरीच्या बाईला पिन का घालायला लावतो, तर उत्तर मिळालं, “मॅम, ये स्टैंडर्ड प्रोसेस है.”

करायचं असतं ते इतकंच: भिंतीवरचा स्विच बंद करायचा, सावकाश शंभर आकडे मोजायचे, स्विच चालू करायचा आणि दिवे जागेवर यायला तीन-चार मिनिटं थांबायचं. आता आमच्या कागदावर पहिलीच ओळ आहे: “पिन नाही, स्विच.” आणि डब्यामागच्या त्या भोकावर चिकटपट्टीचा तुकडा लावलाय. हवेच्या जाळीवर पट्टी येऊ देऊ नका, डबा तापतो.

तळाच्या नंबरांबद्दलही थोडं. कंपनीचा नंबर छापलेला आहे, हे फार चांगलं आहे. आई-वडील नंबर शोधायला गूगलवर गेले की खोटे कस्टमर केअर नंबर सापडतात आणि समोरचा ओटीपी किंवा स्क्रीन शेअर मागतो. कागदावर कंपनीच्या नंबरखाली सायबर फसवणुकीचा 1930 हाही लिहून ठेवा. पण मूळ कागदात ग्राहक क्रमांक आणि नोंदवलेला मोबाइल कोणता हे लिहायला जागाच नाही. आमचं कनेक्शन माझ्या नंबरवर होतं, म्हणून बाबांनी इंदूरहून केलेली प्रत्येक तक्रार ओटीपीवर अडायची, कारण ओटीपी पुण्यात यायचा. मी नोंदवलेला नंबर बदलून बाबांचा करून घेतला. त्यानंतर तक्रार पहिल्या फोनला नोंदली जाते.

भाषेबाबत कोणी विचारलं तर, कागद मराठीतच ठेवा. वरच्या मजल्यावरच्या शर्माजींच्या मुलाने तो सहज वाचला, लिपी एकच असल्यामुळे “दिवा”, “वायर”, “लाल” त्याला अडलं नाही.

एक कुरबूर अजून शिल्लक आहे. लॅमिनेशनवर साधं पेन चालत नाही, त्यामुळे तक्रार क्रमांक कॅलेंडरच्या मागे लिहिले जातात आणि महिना उलटला की पान फाडलं जातं. आता कागदाखाली लॅमिनेट न केलेल्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा क्लिपने अडकवलाय: तारीख, लाल दिवा होता की नव्हता, तक्रार क्रमांक. कालच्या वादात “तुमची आधीची तक्रार दिसत नाही” म्हणाले, तेव्हा बाबांनी फोनवर सरळ क्रमांक वाचून दाखवला आणि आजची व्हिजिट विनाशुल्क करून घेतली.